एक तासिका मागणारे पत्र

"वरील विषयास अनुसरून विनंती की, मी एम.एड.ची विद्यार्थिनी असून लघुप्रबंधासाठी आपल्या शाळेतील विद्यार्थ्यांकडून प्रश्नावली भरून घ्यावयाची आहे. तरी परवानगी मिळावी व सहकार्य करावे ही नम्र विनंती."

मुख्याध्यापक असताना दरवर्षी जानेवारी-फेब्रुवारीत अशी पाच-सहा पत्रे टेबलावर यायची. नाव वेगळे, कॉलेज वेगळे, मजकूर मात्र शब्दाला शब्द तोच. पत्रात चूक काहीच नसते. विषय असतो, महोदया असते, 'आपली विश्वासू' असते. फक्त मुख्याध्यापकाला जे हवे असते ते एकही त्यात नसते. कोणती इयत्ता, किती मुले, किती वेळ, कोणत्या तासाला, प्रश्नावलीत आहे तरी काय, आणि भरलेले कागद पुढे कुठे जाणार?

शिक्षणशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात लघुप्रबंध लिहावाच लागतो. मानसशास्त्र, समाजकार्य, गृहविज्ञान इथली मुलेही शाळांची दारे ठोठावतात. गाईड सांगतात, शाळेचे परवानगीपत्र घेऊन या. मग सीनियरच्या प्रबंधातले परिशिष्ट उघडायचे, पत्र उतरवायचे, शाळेचे नाव बदलायचे. एकदा तर माझ्याकडे आलेल्या पत्रात दुसऱ्याच शाळेचे नाव राहून गेले होते.

एका विद्यार्थिनीचे सांगते, कारण तिच्या पत्रावर आम्ही दोघी मिळून बसलो होतो. विषय होता नववीच्या विद्यार्थ्यांमधील परीक्षेची चिंता. नववी का, तर दहावीला कुणी हात लावू देत नाही. ती आली जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात. दहावीची पूर्वपरीक्षा चालू, निम्मे शिक्षक पर्यवेक्षणात, स्नेहसंमेलनाची बिले अजून लिपिकाच्या टेबलावर.

"मॅडम, फक्त दहा मिनिटं लागतील."

दहा मिनिटे सगळेच म्हणतात. घरी भाचीकडून भरून घेतलेली असते, भाची हुशार असते, दहा मिनिटांत होते. वर्गात छप्पन्न मुले असतात. शाळेची तासिका पस्तीस मिनिटांची. आधीच्या तासाचे शिक्षक बाहेर पडेपर्यंत, मुले जागेवर बसेपर्यंत, कागद वाटून सूचना वाचून दाखवेपर्यंत सात-आठ मिनिटे जातात. शेवटी गोळा करायला दोन-तीन. हातात उरतात पंचवीस.

तिच्या प्रश्नावलीत ४२ विधाने होती आणि प्रत्येकापुढे नेहमी, बरेचदा, कधी कधी, क्वचित, कधीच नाही असे पाच रकाने. मी म्हटले, आधी दुसऱ्या एखाद्या शाळेतल्या आठ मुलांकडून भरून घे आणि घड्याळ लाव. सरासरी काढू नकोस, सगळ्यात शेवटी कागद देणाऱ्या मुलाची वेळ घे. दुसरी शाळा एवढ्यासाठी, की चाचपणीची मुले पुन्हा खऱ्या नमुन्यात येता कामा नयेत. त्यांनी विधाने एकदा वाचलेली असतात. चार दिवसांनी ती आली तेव्हा शेवटच्या मुलाला ३१ मिनिटे लागली होती. म्हणजे एका विधानाला साधारण ४४ सेकंद. पंचवीस मिनिटांत ३४ विधाने बसतात. तिने ३२ ठेवली.

हे तिला जमले, कारण प्रश्नावली तिने स्वतः तयार केली होती. आग्र्याहून किंवा आणखी कुठून मागवलेली छापील, प्रमाणित चाचणी असती तर विधाने गाळता आली नसती. गाळली की त्या चाचणीची विश्वसनीयता आणि तुलनेसाठी दिलेले तक्ते दोन्ही गेले. तेव्हा मग दोन तासिका मागाव्या लागतात, आणि सलग दोन तासिका कोणती शाळा देत नाही. त्यापेक्षा लहान चाचणी निवडावी हे बरे. पत्र लिहिण्याआधी घड्याळ लावण्याचा उपयोग हा असा.

आता प्रश्नावलीकडे वळू. बहुतेक जण ती पत्राला जोडत नाहीत. कुणाला वाटते मुख्याध्यापक काहीतरी खुसपट काढतील, कुणाची अजून तयारच झालेली नसते. पण न वाचलेला कागद वर्गात जाऊ देणारा मुख्याध्यापक मला तरी भेटलेला नाही. मी वाचायला घेतली. पहिल्याच पानावर नाव, जात, वडिलांचा व्यवसाय, कुटुंबाचे मासिक उत्पन्न.

"उत्पन्नाचं काय करणार आहेस?"

"सगळ्यांच्याच प्रश्नावलीत असतं, मॅडम."

तिच्या उद्दिष्टांत उत्पन्नाचा कुठे उल्लेख नव्हता. मुलगे आणि मुली यांच्यातला फरक तेवढा होता. जे मोजायचे नाही ते विचारायचे नाही, एवढे साधे आहे. नववीच्या मुलाला घरचे उत्पन्न माहीत नसते. शेजारच्याचे बघून तो तोच आकडा टाकतो, किंवा लपवून लिहितो आणि पुढची सगळी विधाने त्याच बावरलेल्या मनाने भरतो. जात आणि उत्पन्न गेले, नावही गेले. उरली इयत्ता, तुकडी आणि मुलगा की मुलगी.

मग मी सव्विसाव्या विधानाशी थांबले. 'परीक्षेच्या आदल्या रात्री मला जगणे नकोसे वाटते.'

तिला विचारले, समजा एखाद्या मुलाने यापुढे 'नेहमी'वर खूण केली. कागदावर नाव नाही. तू रात्री घरी बसून आकडे भरते आहेस. काय करशील?

ती गप्प झाली. मलाही उत्तर माहीत नव्हते, खरे तर. नाव न विचारणे ही मुलाच्या मोकळेपणाची हमी असते. पण त्याच हमीमुळे मदतीची गरज असलेला मुलगा कोण हे कधीच कळत नाही. कागदाला सांकेतिक क्रमांक द्यावा आणि क्रमांक-नावाची यादी शाळेच्या समुपदेशकाकडे बंद पाकिटात ठेवावी, असा एक मार्ग असतो. तसे केले तर ते पालकांना आणि मुलांना आधी सांगावे लागते. शिवाय धोक्याची खूण दिसली तर त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी ते पाकीट उघडायची तयारी लागते. आमच्या शाळेत समुपदेशक नव्हते. आणि एम.एड.ची विद्यार्थिनी काही मानसोपचारतज्ज्ञ नव्हे. ते विधान आम्ही काढून टाकले, त्याजागी झोपेविषयीचे एक साधे विधान घातले. प्रश्नावलीच्या तळाशी टेलि-मानसचा १४४१६ आणि चाइल्डलाइनचा १०९८ हे क्रमांक छापले. विचारल्यावर पुढे काही करता येणार नसेल तर ते विचारूच नये, असे माझे मत. गाईडना ते पटले नाही, असे तिने नंतर सांगितले. त्यांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे विधान तेच होते.

'माहिती पूर्णपणे गोपनीय ठेवली जाईल' हे वाक्यही असेच तपासून घ्यावे लागते. सगळ्या पत्रांत ते असते. पण मुलाने कागदाच्या कोपऱ्यात आपल्यावर कुणी अत्याचार करत असल्याचे लिहिले तर? पॉक्सो कायदा २०१२ चा आहे. त्याच्या कलम १९ प्रमाणे असे काही कळले की पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे, आणि न कळवणे हा गुन्हा. तिथे गोपनीयतेचे वचन चालत नाही. म्हणून 'मुलाच्या सुरक्षिततेचा प्रश्न वगळता' असे चार शब्द त्या वाक्यात घालावेत.

आता परवानगी कुणाची. जिल्हा परिषदेच्या शाळेचा मुख्याध्यापक बहुधा सांगतो, आधी गटशिक्षणाधिकाऱ्यांचे पत्र आणा. महापालिकेच्या शाळेत शिक्षण विभागाकडे बोट दाखवले जाते. खासगी अनुदानित शाळेत संस्थेच्या सचिवांच्या कानावर घालावे लागते. नमुन्यात सात-आठ शाळा असतील तर जिल्ह्याच्या शिक्षणाधिकाऱ्यांचे एक पत्र आधी काढून घ्यावे, प्रत्येक ठिकाणचे हेलपाटे वाचतात. पण ते पत्र हातात आहे म्हणून थेट वर्गात शिरता येत नाही. वरच्या पत्राने दार उघडते, तासिका मात्र मुख्याध्यापकच देतो.

आणि तोही फक्त तासिकाच देऊ शकतो. ही गोष्ट बऱ्याच मुख्याध्यापकांनाही ठाऊक नसते. माझी सही झाली म्हणजे शाळेच्या भिंतींच्या आत येण्याची, वेळ वापरण्याची मुभा मिळाली. मुलांची उत्तरे माझ्या मालकीची नाहीत. ती पालकांच्या संमतीने आणि मुलाच्या होकाराने मिळतात. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने २०१७ साली संशोधनाच्या नीतिनियमांची पुस्तिका काढली. तिच्यात १२ ते १८ वयाच्या मुलांचा स्वतःचा लेखी होकार घ्यावा असे आहे, पालकांच्या संमतीशिवाय वेगळा. ती पुस्तिका मुख्यतः आरोग्यविषयक संशोधनासाठी असली तरी नववीच्या वर्गासाठी यापेक्षा नेटका नियम मला सापडलेला नाही. कागदाऐवजी गूगल फॉर्म वापरायचा असेल तर आणखी एक बाब येते. डिजिटल माहितीच्या संरक्षणाच्या २०२३ च्या कायद्यात अठरा वर्षांखालील प्रत्येक जण बालक धरला आहे. संशोधनाला त्यात काही अटींवर सूट आहे, पण वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर लिंक टाकून मोकळे होण्याइतकी नाही.

पालकांची संमती घ्यायची दोन प्रकारे घेतात. एक म्हणजे, 'हरकत असेल तरच कळवावे'. चिठ्ठी दप्तरातच राहते, कुणीच कळवत नाही आणि सगळ्यांची संमती आहे असे धरले जाते. दुसरा प्रकार सहीची चिठ्ठी परत मागण्याचा. हा प्रामाणिक आहे आणि कटकटीचाही. चिठ्ठ्या परत येत नाहीत. ज्या येतात त्या बहुधा नीटनेटक्या, घरी लक्ष असलेल्या मुलांच्या. म्हणजे नमुना तिथूनच एका बाजूला कलतो. परीक्षेची चिंता मोजायची आणि दप्तर कधीच न आवरणारा मुलगा नमुन्याबाहेर, असे व्हायला नको. तिने चिठ्ठ्या शुक्रवारी दिल्या, सोमवारी आणि मंगळवारी वर्गशिक्षकांनी आठवण केली, बुधवारी वर्ग घेतला.

हिशेब असा झाला. दोन तुकड्यांचा पट ५६ आणि ५४, मिळून ११०. चिठ्ठ्या परत आल्या ८३. त्यातल्या तिघांच्या घरून नकार, उरले ८०. बुधवारी सहा जण गैरहजर. वर्गात सूचना वाचून झाल्यावर दोघींनी 'आम्हाला नको' म्हटले. भरलेल्या प्रश्नावल्या हातात आल्या ७२. पहिल्या पत्रात तिने '१०० विद्यार्थी' लिहिले होते, कारण शंभर हा आकडा प्रबंधात शोभतो आणि शेकडेवारीही काढावी लागत नाही.

ज्यांची संमती नाही त्या मुलांनी तेवढा वेळ काय करायचे, हे पत्रात कुणी लिहीत नाही. तीस मुले मागच्या बाकांवर रिकामी बसली की पुढच्यांच्या उत्तरांवर टिप्पणी सुरू होते. आम्ही त्यांना ग्रंथालयात बसवले, चित्रकलेच्या सरांबरोबर. म्हणजे माझे दोन नव्हे, तीन शिक्षक त्या तासाला गुंतले. पत्र वाचताना मुख्याध्यापक मनात हीच बेरीज करत असतो, म्हणून ती आधीच करून दिलेली बरी.

वर्गात शिक्षक असावा की नसावा, यावर आमचे थोडे वाजले. ती म्हणाली, शिक्षक असले तर मुले खरे लिहिणार नाहीत. बरोबर होते तिचे. 'चुकलो तर शिक्षक रागावतील अशी भीती वाटते' या विधानावर खूण करताना तेच शिक्षक बाकांमधून फिरत असतील, तर मूल 'कधीच नाही' हाच रकाना शोधणार. पण बाहेरच्या व्यक्तीच्या हाती अख्खा वर्ग सोपवून शिक्षकाला बाहेर काढणे मला शक्य नव्हते. उद्या कुणी चक्कर येऊन पडले तर उत्तर मला द्यावे लागते. शेवटी ठरले की वर्गशिक्षकाने नाही, दुसऱ्याच शिक्षकाने मागच्या दाराशी खुर्ची टाकून वह्या तपासत बसायचे, उठायचे नाही. मुलांनी कागद घडी घालून स्वतः खोक्यात टाकायचे.

माझी एक चूकही इथेच सांगून टाकते. सगळे मार्गी लागल्यावर मी तिला सहज म्हटले, "झालं की मला तेवढी यादी दे, कोणाकोणाला जास्त चिंता आहे ती." माझा हेतू चांगला होता. तिने खाली बघत सांगितले, "मॅडम, नावं आपणच काढलीत ना." आणि नावे असती तरीही ती यादी मागण्याचा मला अधिकार नव्हता. शाळेला काय मिळणार आणि काय मिळणार नाही, हे पत्रातच स्पष्ट असले म्हणजे पुढचा अवघडलेपणा टळतो. मुख्याध्यापकही मोहात पडतात.

तिने पुन्हा लिहून आणलेले पत्र माझ्या फायलीत बरीच वर्षे होते. थोडक्यात ते असे होते:

"प्रति, मा. मुख्याध्यापिका.
विषय : नववीच्या विद्यार्थ्यांकडून प्रश्नावली भरून घेण्यास परवानगी मिळणेबाबत.
संदर्भ : महाविद्यालयाचे शिफारसपत्र (सोबत जोडले आहे).

महोदया,
मी एम.एड. द्वितीय वर्षात शिकत असून नववीच्या मुलामुलींमधील परीक्षेची चिंता या विषयावर लघुप्रबंध लिहीत आहे. त्यासाठी नववी अ आणि ब या तुकड्यांची, एकाच दिवशी, प्रत्येकी एक तासिका (३५ मिनिटे) मिळावी ही विनंती. प्रश्नावलीत ३२ विधाने आहेत. दुसऱ्या शाळेत केलेल्या चाचपणीनुसार ती २५ मिनिटांत भरून होतात. गणित, विज्ञान आणि इंग्रजी सोडून आपल्याला सोयीची कोणतीही तासिका चालेल.

प्रश्नावलीत नाव, हजेरी क्रमांक, जात अथवा उत्पन्न विचारलेले नाही. पालकांची लेखी संमती आलेल्या आणि स्वतः तयार असलेल्या विद्यार्थ्यांकडूनच ती भरून घेईन. मध्येच थांबण्याची त्यांना मोकळीक राहील. उर्वरित विद्यार्थ्यांची बसण्याची व्यवस्था आपण सुचवाल तशी करता येईल. मुलाच्या सुरक्षिततेचा प्रश्न वगळता भरलेल्या प्रश्नावल्या मी आणि माझे मार्गदर्शक यांच्याशिवाय कोणीही पाहणार नाही. त्या शाळेलाही दिल्या जाणार नाहीत. प्रबंधात शाळेचे नाव येणार नाही. काम पूर्ण झाल्यावर एकत्रित निष्कर्षांचे दोन पानी टिपण शाळेला देईन.

सोबत : प्रश्नावली, पालक संमतीपत्राचा नमुना, विद्यार्थ्यांना वाचून दाखवायच्या सूचना.
आपली विश्वासू,"

खाली तिची सही, गाईडची सही आणि दोघांचे फोन क्रमांक. एका पानात बसले. 'गणित, विज्ञान आणि इंग्रजी सोडून' हे पाच शब्द वाचून मला बरे वाटले. त्या तासांसाठी माझे शिक्षक आपसांत भांडत असत. आम्ही कार्यानुभवाचा तास दिला.

पत्राच्या दोन प्रती न्याव्यात. एक लिपिकाकडे द्यायची, तो आवक क्रमांक टाकतो. दुसरीवर शिक्का आणि सहीची पोच घ्यायची आणि जपून ठेवायची, ती परिशिष्टात जाते. मुख्याध्यापकांनी तोंडी हो म्हटले तरी पोच घ्यावीच. मधल्या काळात मुख्याध्यापक निवृत्त होतात, बदलून जातात, दीर्घ रजेवर जातात, आणि नव्याला काहीच माहीत नसते. पत्र द्यायची वेळ म्हणाल तर जुलैचा दुसरा पंधरवडा उत्तम. प्रवेशाची धावपळ संपलेली असते आणि घटक चाचणी, गणपती अजून लांब असतात. तो हुकला तर दिवाळीच्या सुट्टीनंतरचे दोन-तीन आठवडे. त्यानंतर सहली आणि स्नेहसंमेलनाचा सराव सुरू झाला की वर्गात निम्मी बाके रिकामी दिसतात. या मुलीचे जमले ते केवळ नववी मोकळी होती म्हणून.

बुधवारी तिसऱ्या तासाला तिने वर्ग घेतला. पुढच्या आठवड्यात माहिती संकलन केल्याचा दाखला घ्यायला ती आली. दाखल्याचा मसुदा कॉलेजातूनच छापून मिळालेला, फक्त सही आणि शिक्का हवा. त्यात आधीच टाइप केलेले होते, 'आमच्या प्रशालेतील १०० विद्यार्थ्यांकडून'. ती म्हणाली, सगळ्यांना हाच नमुना दिलाय.

मी १०० खोडून वर पेनने ७२ लिहिले, बाजूला आद्याक्षरे टाकली आणि शिपाईमामांना शिक्का आणायला सांगितले.